बरोबर बोलणारा माणूस आणि गप्प झालेली मीटिंग

हे प्रकरण चाकण भागातल्या एका मशीन शॉपचं आहे. तिथे गिअरबॉक्सचे शाफ्ट बनतात. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाही, हुद्द्यांवरून कोण काय ते कळेल. उत्पादन माझ्याकडे होतं आणि रोज सकाळची मीटिंग मी घ्यायचो. ज्यांच्यामुळे हे लिहितोय ते क्वालिटीचे सीनियर इंजिनिअर. ते माझ्या हाताखाली नव्हते. त्यांचे साहेब दुसऱ्या प्लँटला बसायचे आणि आठवड्यातून एकदा चक्कर मारायचे. म्हणजे रोजचा संबंध माझा, पण अधिकार माझा नाही. अशी रचना बहुतेक कारखान्यांत असते, आणि म्हणूनच अशी प्रकरणं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

समोर सगळे त्यांना 'सर' म्हणत, पाठीमागे 'मास्तर'. वीसेक वर्षांचा अनुभव. ड्रॉइंग तोंडपाठ, गेजचा इतिहास तोंडपाठ, कुठल्या ग्राहकाने कुठल्या पीसवर काय तक्रार केली होती तेही तोंडपाठ. आणि कोणी काही चुकीचं बोललं की ते तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर दुरुस्त करायचे. मुद्दा असा की दहापैकी नऊ वेळा त्यांचं बरोबर असायचं. अर्धवट माहितीवर फुशारकी मारणारा माणूस असता तर प्रकरण सोपं होतं. दोनदा तोंडावर पडला असता आणि लोकांनी मनावर घेणं सोडलं असतं. बरोबर असणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने थांबवायचं, हा इथला खरा पेच होता.

एक नमुना देतो. शिफ्ट इनचार्ज, तिशीतला पोरगा, बोर्डासमोर उभा राहून म्हणाला, "ग्राइंडिंगचा सीपी १.६७ आलाय, काही प्रश्न नाही." मास्तर लगेच म्हणाले, "सीपी नाही, सीपीके बघायचा असतो. इतकी वर्षं काम करून हे अजून कळलेलं नाही?"

आता यातला पहिला भाग शंभर टक्के खरा होता. सीपी फक्त एवढंच सांगतो की मशीनचं माप किती पसरतंय. ते माप मर्यादेच्या मधोमध आहे की एका कडेला सरकलंय, हे सीपीके सांगतो. आमच्या शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेला एकूण १३ मायक्रॉनची, म्हणजे ०.०१३ मिलिमीटरची सूट होती. सीपी १.६७ असला आणि सरासरी मधल्या मापापासून ३ मायक्रॉन सरकलेली असली, तर सीपीके ०.९ च्या आसपास येतो, आणि काही माल मर्यादेबाहेर जाणार हे नक्की. म्हणजे दुरुस्ती गरजेची होती. पण दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती, आणि मीटिंग संपल्यावर सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच वाक्य. त्या दिवसापासून इनचार्जने आकडे तोंडी सांगणं बंद केलं. बोर्डावर लिहायचा आणि बाजूला उभा राहायचा.

गप्प बसण्याची किंमत

किंमत उन्हाळ्यात कळली. ती नीट सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरून घेतले गेले.

त्या शाफ्टवर २५ मिलिमीटर व्यासाची बेअरिंगची जागा ग्राइंड करतात. मर्यादा २४.९८७ ते २५.०००. ग्राइंडिंग व्हील जसं झिजतं तसं माप हळूहळू वाढत जातं, म्हणून सेटर सुरुवात खालच्या बाजूने करतात, २४.९८९ च्या आसपास. एप्रिलमध्ये कूलंट थंड ठेवणारा चिलर कमी पडायला लागला. पीस मशीनवरून उतरताना कोमट लागायचा. एअर गेज शून्याला लावायचा तो नेमक्या मापाच्या मास्टर पीसवर, आणि हा मास्टर पीस टेबलावर खोलीच्या तापमानाला. दोघांत दहा अंशांचा फरक धरला, तर २५ मिलिमीटरचा पोलादी पीस गेजवर जवळजवळ ३ मायक्रॉन मोठा दिसतो. मशीनजवळ २४.९८९ दिसलेला पीस थंड झाल्यावर २४.९८६ होतो, म्हणजे मर्यादेखाली.

शाफ्ट मोठा राहिला तर परत ग्राइंड करता येतो. लहान झाला तर भंगार. त्यावर धातू कोण चढवणार?

दोन दिवसांचा माल फायनल इन्स्पेक्शनला अडकला. सगळा लॉट हाताने निवडावा लागला, रात्रपाळीला माणसं थांबली, ग्राहकाला उशिराचा फोन मला करावा लागला. कारण शोधायला बसलो तेव्हा लाईनवरची इन्स्पेक्शनची मुलगी (डिप्लोमा करून नुकतीच लागलेली, सगळे तिला ताई म्हणतात) हळूच म्हणाली, "सर, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जेवणाच्या आधी मोजलेला पीस जेवणानंतर मोजला तर कमी भरत होता. मला वाटलं माझीच मोजणी चुकतेय."

मग सकाळच्या मीटिंगला बोलली का नाहीस? यावर ती काही बोलली नाही. शेजारचा ऑपरेटर बोलला. काही आठवड्यांपूर्वी तिने एका पीसच्या दोन टोकांच्या मापात फरक पडतोय हे सांगताना 'ओव्हॅलिटी' म्हटलं होतं. त्याला टेपर म्हणतात. ओव्हॅलिटी म्हणजे एकाच जागी गोलाई बिघडणं. मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डिप्लोमा कुठल्या कॉलेजचा?" आणि दोघं-तिघं हसले होते.

या सगळ्या शॉपमध्ये तापमान आणि माप यांचं नातं सगळ्यांत चांगलं कळणारा माणूस मास्तरच. ताईने "जेवणानंतर माप कमी भरतंय" एवढं जरी म्हटलं असतं, तरी मिनिटाभरात त्यांनी चिलरकडे बोट दाखवलं असतं. ज्याच्याकडे उत्तर होतं त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचला नाही, आणि तो न पोचण्याचं कारणही तोच. मी पुढे त्यांच्याशी बोललो ते या मुद्द्यावर. वागणूक, नम्रता, टीम स्पिरिट असले शब्द मी एकदाही वापरले नाहीत.

आधी नोंद

इनचार्जला वेगळंच हवं होतं. त्याने तीन-चार जणांना तयार केलं होतं: "साहेब, आम्ही सगळे मिळून लेखी देतो." मी नको म्हटलं. सामूहिक तक्रारीने माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. शिवाय अशा अर्जात 'उद्धटपणे बोलतात', 'सर्वांचा अपमान करतात' अशी वाक्यं असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला मास्तरांकडे ड्रॉइंग नंबरासकट उत्तर होतं.

त्याऐवजी दोनेक आठवडे मी मीटिंगला वही घेऊन उभा राहिलो आणि प्रत्येक दुरुस्ती लिहून काढली. कोणाची, कशाबद्दल, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न: ही गोष्ट आत्ता सांगितली नसती, तर दुपारपर्यंत एखादा पीस बिघडला असता का?

तिसेक नोंदी झाल्या. त्यातल्या पाच-सहांपुढे 'हो' आलं: चुकीच्या रिव्हिजनचं ड्रॉइंग, मुदत संपलेला प्लग गेज, सीपी-सीपीकेसारखा प्रकार. बऱ्याचशा अशा की गोष्ट खरी, पण अर्ध्या तासाने मशीनवर जाऊन सांगितली असती तरी काही बिघडलं नसतं. रिपोर्टचा जुना फॉरमॅट, टॅगवर शिफ्टचं अक्षर राहून जाणं, टेपर-ओव्हॅलिटीसारखी शब्दांची गल्लत. उरलेल्या दुरुस्त्यांचा मालाशी संबंधच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुटलेल्या इन्सर्टचा फोटो टाकणाऱ्याला 'स्पेलिंग बघा' असं उत्तर. आणि बीडकडच्या एका ऑपरेटरने 'कूलंटमध्ये पानी जास्त झालंय' म्हटल्यावर 'पानी नाही, पाणी'.

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडे तो फार सहज खपून जातो. न आणि ण वरून माणसाला टोकणं म्हणजे त्याचं गाव, घर आणि शाळा काढणं असतं; ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं आणि बोलणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. कूलंटचं प्रमाण खरंच बिघडलं होतं. त्या सूचनेवर कोणी काही केलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष उच्चारावर गेलं. ऑपरेटर चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. तो नंतर मला म्हणाला, "साहेब, माप चुकलं तर सांगा. आईने शिकवलेली भाषा चुकली असं नका सांगू." ही नोंद मी वेगळ्या रंगाने केली.

वहीचा फायदा असा झाला की मास्तर 'कसे आहेत' हा प्रश्न मागे पडला. कोणती दुरुस्ती कुठे आणि कधी करायची, एवढाच उरला. त्यावर बोलता येतं.

स्टँडर्ड रूममधलं बोलणं

बोलण्याची जागा मी मुद्दाम निवडली. केबिनमध्ये बोलावलं असतं तर सगळ्या शॉपला कळलं असतं की आज मास्तरांना झापणार. एचआरला सोबत घेतलं असतं तर ती चौकशी झाली असती. म्हणून दुपारी त्यांच्याच स्टँडर्ड रूममध्ये, जिथे गेज तपासतात तिथे गेलो. एसी चालू, स्लिप गेजची पेटी उघडी, ते मायक्रोमीटर तपासत होते. त्यांच्या जागेत, त्यांच्या कामाच्या मध्ये. स्टूल ओढलं आणि चिलरच्या लॉटपासून सुरुवात केली.

"तुम्हाला त्या दिवशी कळलं असतं तर काय केलं असतं?"

"पीस आणि मास्टर दोन्ही एका तापमानाला आणायला लावले असते. तोपर्यंत माप मधोमध ठेवायला सांगितलं असतं. पाच मिनिटांचं काम."

"ताईला पहिल्या दिवशी दिसलं होतं."

त्यांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "मग सांगितलं का नाही?"

मी ओव्हॅलिटीची गोष्ट सांगितली. त्यांना ती आठवत नव्हती. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. टोकणाऱ्याला ते आठवत नाही, ज्याला टोकलं त्याला तारखेनिशी आठवतं. मग वही पुढे केली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे बारकाईने वाचली, एका नोंदीत गेजचा नंबर मी चुकीचा लिहिला होता तो दुरुस्त केला (खरंच केला), आणि मग म्हणाले, "म्हणजे चुकीचं बोललं तरी मी गप्प बसायचं? उद्या ऑडिटला हेच चुकीचं बोलले तर उत्तर कोण देणार?"

त्यामागची गोष्ट तेव्हा बाहेर आली. आधीच्या नोकरीत एका मीटिंगला त्यांना चूक दिसली होती, वरिष्ठ बोलत होते म्हणून ते गप्प राहिले, माल गेला, ग्राहकाची तक्रार आली आणि कागदावर सही त्यांची होती. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की दिसलं की बोलायचं. हे ऐकून माझं मत मऊ झालं असं नाही, पण त्यांच्याकडे काय मागायचं ते स्पष्ट झालं. 'गप्प बसा' ही या माणसाकडे करण्यासारखी मागणीच नव्हती. ती त्यांनी पाळली नसती, आणि पाळली असती तर आम्हालाच महागात पडली असती.

मग वहीतला शेवटचा रकाना हाच नियम ठरला. आत्ता न बोलल्याने पीस बिघडणार असेल, तर मीटिंगमध्ये हात वर करून लगेच बोलायचं, आणि फक्त गोष्ट सांगायची: "रिव्हिजन बदललंय, लॉट थांबवा." कोणाला किती वर्षं कळलेलं नाही हे नाही. पीस बिघडणार नसेल तर मीटिंगनंतर त्या माणसाच्या मशीनवर जाऊन, एकट्याला सांगायचं. आणि बोली, उच्चार, स्पेलिंग, कॉलेज हे विषय शॉपमध्ये काढायचे नाहीत. पहिल्या दोन गोष्टींवर त्यांनी वाद घातला, काही मुद्दे बदलूनही घेतले. तिसऱ्यावर मी वाद घालू दिला नाही. बीडच्या ऑपरेटरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझ्या मनात तसं नव्हतं." मी म्हटलं, "नसेल. पण शॉपमध्ये तसंच ऐकू आलं."

त्याच आठवड्यात त्यांच्या साहेबांनाही फोन करून काय ठरलंय ते सांगितलं. तक्रार म्हणून नाही, पण उद्या कोणी वेगळी कहाणी नेली तर त्यांना मूळ ठाऊक असावं म्हणून. आणि हा फोन करणार आहे हे मास्तरांना आधी सांगितलं होतं.

मीटिंगची रचना बदलली

एका माणसाने शब्द दिला म्हणून सवय जात नाही. म्हणून मीटिंगच थोडी बदलली.

पूर्वी क्रम वरून खाली होता. मी, मग क्वालिटी, मग इनचार्ज, आणि वेळ उरला तर ऑपरेटर. तो उलटा केला. आधी मशीनवरचा माणूस, मग इन्स्पेक्शन, मग इनचार्ज, मग मेंटेनन्स, सगळ्यांत शेवटी मास्तर आणि मी. यामागे साधा हिशेब होता. ज्याला जास्त कळतं तो आधी बोलला की बाकीचे त्याच्या बोलण्याशी आपलं बोलणं जुळवून घेतात, आणि मधेच बोलला की पुढचे वाक्य गिळतात. शेवटी बोलणाऱ्याला सगळं ऐकावं लागतं. मास्तरांना ते जड गेलं, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच लक्षात आलं की शेवटी उभं राहिल्याने त्यांना एकाच वेळी तीन मशीनचं चित्र मिळतंय.

दुसरी गोष्ट, ताई आणि ऑपरेटर यांना शब्द शोधायला लागू नयेत म्हणून बोर्डावर शाफ्टचं मोठं चित्र लावलं. कुठे फरक आहे तिथे बोट ठेवायचं आणि किती आहे तो आकडा सांगायचा. टेपर म्हणा, ओव्हॅलिटी म्हणा, बोट बरोबर जागी पडलं की झालं.

तिसरी गोष्ट माझ्या वाट्याची होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत अवघड तीच. सुरुवातीला मास्तर मधे बोलायचेच. तेव्हा काय करायचं? "सर, आपलं ठरलंय ना" असं सगळ्यांसमोर म्हणणं फार मोहाचं असतं, आणि लोकही तेवढ्यासाठी टपलेले असतात. पण ते म्हणजे टोकणाऱ्याला चारचौघांत टोकणं. जे त्यांनी करू नये असं मी सांगतोय, तेच मी केलं असतं. म्हणून एकच वाक्य ठरवून घेतलं: "नोंद घेतो. ताई, तुमचं पूर्ण करा." मास्तरांकडे न बघता, ज्याचं बोलणं तुटलं त्याच्याकडे बघून. यात मास्तरांचा मुद्दा फेटाळला जात नाही, तो कागदावर येतो, आणि बोलण्याचा हक्क मूळ माणसाकडे दोन सेकंदांत परत जातो. हे दोन सेकंदांतच व्हावं लागतं. वाक्य एकदा थंड झालं की तो माणूस "नाही, काही नाही" म्हणतो आणि मागे सरकतो.

चौथा प्रयत्न फसला होता, तोही सांगतो. मास्तरांच्या ज्ञानाला जागा द्यावी म्हणून आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचं त्यांचं प्रशिक्षण ठेवलं. पहिल्याच वेळी त्यांनी सहनमर्यादांचा सगळा तक्ता फळ्यावर काढला, अधूनमधून प्रश्न विचारून कोणाला येत नाही ते दाखवलं, आणि वीस मिनिटांची पन्नास झाली. म्हणजे सकाळी अडवलेलं पाणी संध्याकाळी दुसऱ्या दाराने आत आलं. मग उलट केलं. प्रश्न ऑपरेटरने आणायचा, हातात पीस घेऊन, आणि मास्तरांनी त्याच्या मशीनवर जाऊन त्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. हे चाललं. मशीनजवळ आवाज इतका असतो की भाषण करताच येत नाही, हेही एक कारण असावं.

बाकीच्यांचाही हिशेब

अशा प्रकरणात सगळा दोष एकाच्या नावावर टाकणं सोयीचं असतं. ताईच्या डिप्लोमावर मास्तर बोलले, पण हसणारे दुसरेच होते. इनचार्ज मास्तरांची नक्कल फार चांगली करायचा, आणि चहाच्या वेळेचा तो ठरलेला कार्यक्रम होता.

एकदा मास्तर स्वतः चुकले. जुन्या रिव्हिजनचं माप त्यांनी मशीनवर सांगितलं आणि सेटरने ते वेळीच पकडलं. इनचार्जने फोटो काढला, ग्रुपवर टाकण्याच्या बेतात होता. मला कळलं तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. त्याचा युक्तिवाद सरळ होता: "त्यांनी आमचं एवढं काढलं, एकदा त्यांचंही दिसू द्या." मी विचारलं, हा फोटो आत्ता टाकला नाही तर कुठला पीस बिघडतो? नियम एकालाच लावायचा असता तर मी तो बोर्डावर लिहिलाच नसता. फोटो गेला नाही. सेटरने मास्तरांना मशीनवर जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या शेवटी मास्तर म्हणाले, "काल मी सांगितलेलं रिव्हिजन जुनं होतं. नवं फाईलला लावलंय." एवढंच, पुढे काही नाही. माफी वगैरे नव्हती आणि कोणी मागितलीही नाही.

घसरगुंडी एकदा चांगलीच झाली, ग्राहकाच्या ऑडिटच्या दिवशी. ऑडिटरने एका गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख विचारली, इनचार्जने चुकीची सांगितली, आणि मास्तर ऑडिटरसमोर म्हणाले, "याला माहीत नाही, मी सांगतो." इथे दुरुस्ती अत्यावश्यक होती, ऑडिटरला चुकीची माहिती जाऊ देणं परवडत नाही. पण तीच दुरुस्ती माणसाला न पाडता करता आली असती: "त्या गेजची नोंद माझ्याकडे आहे, दाखवतो," म्हणून रजिस्टर उघडायचं. तारीख कागद सांगतो, इनचार्ज चुकला हे कोणाला म्हणावंच लागत नाही. संध्याकाळी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या ऑडिटला त्यांनी रजिस्टर बगलेतच धरलेलं होतं.

फरक पडतोय हे कशावरून

वातावरण सुधारलं की नाही हे लोकांना विचारून कळत नाही. साहेबाने विचारलं की सगळे "बरं चाललंय" म्हणतात. आम्ही लाल टॅगचं रजिस्टर बघितलं. संशयास्पद पीस दिसला की लाइनवरचा माणूस लाल टॅग लावून बाजूला ठेवतो आणि नोंद करतो. उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत या नोंदी हळूहळू कमी होत गेल्या होत्या, आणि आम्ही त्याला सुधारणा समजत होतो. नवी मीटिंग सुरू झाल्यावर त्या वाढल्या. वरच्या साहेबांचा फोन आला: क्वालिटी बिघडली का? मी त्यांना दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले. लाइनवरचे टॅग वाढले होते आणि फायनल इन्स्पेक्शनला अडकणारा माल कमी झाला होता. चूक लवकर आणि स्वस्तात बाहेर येत होती.

हे काही आमचं एकट्याचं निरीक्षण नाही. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण नोंदी उलट जास्त निघाल्या. कारण तिथे चूक सांगायला लोक घाबरत नव्हते. त्यातूनच पुढे त्यांनी १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेबद्दलचा शोधनिबंध लिहिला. आमच्या शॉपमध्ये हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, पण लाल टॅगचं रजिस्टर तेच सांगत होतं.

दुसरी खूण छोटी आहे. ताई आता मीटिंगमध्ये 'मला नक्की माहीत नाही, पण' असं म्हणून बोलते. पूर्वी नक्की माहीत असल्याशिवाय कोणी तोंड उघडत नव्हतं, आणि नक्की माहीत होईपर्यंत लॉट पुढे गेलेला असायचा.

या उपायाला मर्यादा आहेत. मास्तर दुरुस्ती करायचे ते मालाच्या काळजीने, वर थोडा अहंकार. ज्याला माणूस पाडण्यातच मजा येते, किंवा जो जातीवरून, बाईमाणूस म्हणून टोमणे मारतो, त्याच्यापुढे वही आणि रकाने घेऊन बसू नये. ते सरळ शिस्तीचं प्रकरण आहे आणि पहिल्याच दिवशी लेखी जायला हवं. दुसरं, मीटिंग घेणारा रोज हजर असावा लागतो. मी सुट्टीवर असताना इनचार्जने मीटिंग घेतली, आणि चार दिवसांत क्रम परत वरून खाली झाला होता. रात्रपाळीत तर हे अजून पोचलेलंच नाही. रात्री गेज अडकला तरी मास्तरांना फोन करायला कोणी तयार नसतं. सकाळपर्यंत मशीन बंद ठेवतात. इनचार्ज आणि मास्तर एकत्र चहा घेत नाहीत, आणि घ्यायलाच हवा असं मलाही वाटत नाही. बोर्डासमोर एकमेकांना आकडे सांगतात, तेवढं कामाला पुरतं.

आता मास्तरांचं नाव प्लँटच्या क्वालिटी प्रमुखपदासाठी गेलंय, आणि उत्पादनाकडून माझं मत मागवलंय. त्यांच्याइतका माहितगार माणूस बाहेरून मिळणार नाही, हे मी लिहिलं. पण प्रमुख झाल्यावर क्वालिटीच्या मीटिंग ते स्वतः घेणार, आणि तिथे "नोंद घेतो, तुमचं पूर्ण करा" म्हणायला कोणी नसणार. म्हणून एक अट सुचवली आहे: पहिले सहा महिने त्यांच्या मीटिंगमध्येही सगळ्यांत कनिष्ठ माणूस आधी बोलेल, मीटिंगची नोंद ताई लिहील, आणि लाल टॅगचे आकडे दर महिन्याला त्यांच्या साहेबांसोबत मलाही येतील. हे पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, अटीवर काही म्हणाले नाहीत, आणि खाली सही केली.